ट्रेनिंग डेटा मॉडेलला देण्याआधी: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

बहुतेक जण डेटा हातात आला की `isna().sum()` चालवतात, रिकाम्या ओळी उडवतात, `drop_duplicates()` मारतात आणि ट्रेनिंग सुरू करतात. चाचणीत आकडे छान येतात. मॉडेल प्रत्यक्ष वापरात गेलं की दोन आठवड्यांत तक्रारी सुरू होतात. दोष सहसा मॉडेलचा नसतो. तपासण्या चुकीच्या क्रमाने झालेल्या असतात आणि चालू डेटाशी ताडून पाहायचं राहून गेलेलं असतं.

सगळी प्रक्रिया एकाच उदाहरणावर दाखवतो. मी कुरियरच्या डेटावर काम करतो, म्हणून उदाहरणही तिथलंच: पार्सल बुक होतानाच ते दिलेल्या तारखेनंतर पोचेल का, हे सांगणारं मॉडेल. लेबल `late`, म्हणजे उशीर झाला तर 1, नाही तर 0. कॉलम नेहमीचेच: एडब्ल्यूबी म्हणजे पार्सलचा ट्रॅकिंग नंबर, बुकिंगची वेळ, पिनकोड, वजन, सीओडी की प्रीपेड, विक्रेता, हब. खालच्या गणितांतले आकडे हिशोब समजावा म्हणून घेतले आहेत.

## तयारी: ज्याशिवाय पुढे जाऊ नये

तीन गोष्टी आधी हाताशी हव्यात.

पहिली, डेटाची गोठवलेली प्रत. चालू टेबलवर रोज नवी क्वेरी मारून तपासणी करू नका. पार्सलची स्थिती बदलत राहते, त्यामुळे सोमवारी मोजलेली टक्केवारी बुधवारी जुळत नाही आणि बदल तुमच्या साफसफाईने झाला की टेबल बदलल्याने, हे सांगता येत नाही. तारखेसह एक फाइल काढा आणि तिलाच धरून राहा.

दुसरी, चालू डेटाची नोंद, आणि ती मॉडेलने अंदाज दिला त्या क्षणाची. मॉडेलला त्या क्षणी जे आकडे मिळाले ते जसेच्या तसे, वेळेसह आणि मॉडेलच्या आवृत्तीसह साठवलेले हवेत. पुष्कळ ठिकाणी ही नोंद ठेवतच नाहीत, मग नंतर टेबलमधून "तेव्हा काय असेल" ते काढतात. पण ट्रेनिंग डेटाही त्याच टेबलमधून आलेला असतो. दोन्ही बाजू एकाच विहिरीच्या पाण्याने भरल्या तर फरक दिसणार कसा? मॉडेल अजून वापरात नसेल तर अंदाज न दाखवता फक्त नोंद ठेवणारी सेवा दोन आठवडे चालवा.

तिसरी, प्रत्यक्ष काम करणारा माणूस. हबवर पार्सल स्कॅन करणारा किंवा तक्रारी हाताळणारा कोणीतरी. लेबल तपासताना याच्याशिवाय भागत नाही.

## टप्पा 1: एक ओळ म्हणजे काय, ते लिहून काढा

एक वाक्य लिहा. आमच्या बाबतीत ते असं: एक ओळ म्हणजे एक पार्सल, आणि बुकिंगच्या क्षणी त्याबद्दल जेवढं माहीत होतं तेवढंच. पुढचा प्रत्येक निर्णय या वाक्यावर तपासायचा आहे.

मग प्रत्येक कॉलमसमोर लिहा: हा कधी भरला जातो, कोण भरतं, आणि नंतर बदलतो का? तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त विसरला जातो. आमच्याकडे `weight_g` हा कॉलम होता. बुकिंगच्या वेळी विक्रेता त्यात अंदाजे वजन टाकायचा, बहुतेक वेळा सरसकट 500. पार्सल हबवर आलं की काट्यावर वजन होऊन त्याच कॉलममध्ये खरा आकडा बसायचा, समजा 1240. जुना आकडा गेला. ट्रेनिंग डेटात सगळीकडे काट्याचं वजन आणि चालू मॉडेलला मात्र विक्रेत्याचं 500. मॉडेल ज्या वजनावर शिकलं ते त्याला वापरात कधी दिसतच नव्हतं. यात एकही रिकामी जागा नाही, एकही डुप्लिकेट नाही, त्यामुळे नेहमीच्या तपासणीत हे सापडत नाही.

वेळेचंही असंच. डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीत असते, ॲपमध्ये भारतीय वेळ. फरक साडेपाच तासांचा. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेतली प्रत्येक ऑर्डर यूटीसीत आदल्या दिवशी जाते, म्हणजे वारही चुकतो. ट्रेनिंग डेटाचा तासांनुसार आलेख काढा. लोक रात्री नऊ-दहाला जास्त ऑर्डर करतात हे तुम्हाला ठाऊक असेल आणि आलेखाचं शिखर दुपारी चारच्या आसपास दिसत असेल, तर वेळ यूटीसीतच राहिली आहे.

इशारा: अंदाजाच्या क्षणानंतर भरला जाणारा कॉलम, उदाहरणार्थ `attempt_reason`, इथेच बाहेर काढा. डिलिव्हरी फसल्यावरच तो भरतात. तो ठेवला तर मॉडेलला उत्तरपत्रिका मिळते.

## टप्पा 2: डुप्लिकेट आधी काढा, रिकाम्या जागा नंतर मोजा

हा क्रम महत्त्वाचा आहे. एकच पार्सल चार वेळा आलं असेल तर रिकाम्या जागांची टक्केवारी, लेबलांचं प्रमाण, काळानुसार डेटा बदलत जाण्याचे म्हणजे ड्रिफ्टचे आकडे, सगळेच त्याच्या बाजूने झुकतात. आधी मोजून नंतर डुप्लिकेट काढले तर आधीचं सगळं पुन्हा मोजावं लागतं, आणि ते सहसा कोणी मोजत नाही.

डुप्लिकेट कुठून येतात, ते आधी पाहा. माझ्या अनुभवात सगळ्यात मोठा उगम म्हणजे टेबल जोडणं. पिनकोडवरून जिल्हा आणायचा म्हणून टपाल खात्याची पिनकोड यादी जोडली जाते. त्या यादीत एका पिनकोडखाली अनेक पोस्ट ऑफिसं असतात, ग्रामीण भागात तर हमखास. जोडणी झाली की एका पार्सलच्या तेवढ्याच ओळी होतात. गावाकडची पार्सलं फुगतात, शहरातली त्यामानाने कमी, आणि मॉडेलला वाटतं की देशात बहुतांश पार्सलं खेड्यात जातात. एकच ओळ हे थांबवते:

```python
n = len(df)
df = df.merge(pin, on="pincode", how="left",
              validate="many_to_one")
assert len(df) == n
```

`pin` मध्ये एक पिनकोड दोनदा असेल तर `validate` तिथेच चूक दाखवून थांबतं. प्रत्येक जोडणीला हे लावा.

दुसरा उगम म्हणजे तोच संदेश पुन्हा येणं. नेटवर्क अडखळलं की समोरची यंत्रणा तीच नोंद दोनदा पाठवते. तिसरा, पुन्हा केलेले प्रयत्न: पहिल्या दिवशी घर बंद, दुसऱ्या दिवशी पोचलं, म्हणजे एकाच एडब्ल्यूबीच्या दोन ओळी. टप्पा 1 मधलं वाक्य इथे कामाला येतं. एक ओळ म्हणजे एक पार्सल, एक प्रयत्न नव्हे.

आता `drop_duplicates(subset="awb")` बद्दल. ते पहिली ओळ ठेवतं आणि बाकीच्या गुपचूप उडवतं. एकाच पार्सलला एका ओळीत 0 आणि दुसरीत 1 असेल तर कोणतं लेबल टिकणार, हे फाइलमधल्या क्रमावर ठरतं. म्हणून आधी भांडणाऱ्या ओळी वेगळ्या काढा:

```python
g = df.groupby("awb")["late"].nunique()
conflict = g[g > 1].index
```

ही यादी डोळ्यांनी वाचा. यातून लेबल कसं तयार होतं त्यातली चूक बहुधा सापडते.

इशारा: सारखी दिसणारी प्रत्येक जोडी डुप्लिकेट नसते. एकाच विक्रेत्याने एकाच पत्त्यावर एकाच दिवशी दोन पार्सलं पाठवली, तर त्या दोन खऱ्या घटना आहेत आणि दोन्ही राहिल्या पाहिजेत. पण त्या एकमेकींशी बांधलेल्या आहेत: एक उशिरा गेलं तर दुसरंही जातं. एक ट्रेनिंगमध्ये आणि दुसरं चाचणीत पडलं तर चाचणीचा आकडा फुगतो. अशा जोड्यांना एक गट क्रमांक द्या आणि विभागणी करताना पूर्ण गट एकाच बाजूला ठेवा.

तपासून पाहा: `df["awb"].is_unique` खरं आहे का? कोणत्या कारणाने किती ओळी गेल्या, ते लिहून ठेवलं आहे का?

## टप्पा 3: रिकाम्या जागा, उघड आणि वेषांतर केलेल्या

उघड रिकाम्या जागा पांडाज मोजून देतं. त्रास देतात त्या आकड्याचा मुखवटा घातलेल्या. सार्वजनिक डेटासंचांतलं ठळक उदाहरण पिमा मधुमेह डेटाचं आहे: 768 ओळींपैकी 374 ओळींत इन्शुलिन 0 आहे आणि 35 ओळींत रक्तदाब 0. जिवंत माणसाचा रक्तदाब शून्य नसतो. मोजमाप झालंच नव्हतं, आणि त्या जागी शून्य लिहिलं गेलं. `isna().sum()` तिथे सगळीकडे 0 दाखवतं.

आपल्या डेटात मुखवटे वेगळे असतात. वजन 0 किंवा 1. पिनकोड 999999 किंवा 000000. भारतात पिनकोड शून्याने सुरू होत नाही. वेळ `1970-01-01 05:30:00`, हे शून्य सेकंदाचं भारतीय वेळेतलं रूप आहे आणि एकदा ओळखता आलं की सगळीकडे दिसू लागतं. शोधायची रीत सोपी: प्रत्येक कॉलममधली सगळ्यात जास्त वेळा येणारी वीस मूल्यं छापा आणि कामाच्या माणसाबरोबर बसून वाचा. अर्ध्या तासाचं काम आहे.

मुखवटे उतरवून सगळ्यांना खऱ्या `NaN` मध्ये बदलल्यावर पुढचा प्रश्न: जागा का रिकामी आहे? याचं उत्तर लेबलशी ताडून पाहिलं की अर्धं मिळतं.

```python
df["w_missing"] = df["weight_g"].isna()
print(df.groupby("late")["w_missing"].mean())
```

दोन्ही गटांत प्रमाण जवळपास सारखं असेल तर चिंता कमी. उशीर झालेल्यांत 2 टक्के आणि वेळेत पोचलेल्यांत 20 टक्के, असा फरक असेल तर थांबा. कदाचित तक्रार आल्यावरच कोणीतरी वजन भरत असेल. मग "वजन भरलेलं आहे" हीच उशिराची चुगली ठरते, आणि बुकिंगच्या क्षणी ती चुगली करायला कोणी नसतं. असा कॉलम भरून काढायचा नसतो, वगळायचा असतो.

भरायचंच ठरलं तर मध्यक फक्त ट्रेनिंगच्या भागावरून काढा, तोच आकडा साठवा आणि चालू सेवेतही तोच वापरा. रिकामं होतं हे सांगणारा वेगळा कॉलमही ठेवा. रिकाम्या ओळी सरळ उडवणं मला मान्य नाही, कारण वापरात आलेलं पार्सल वजन नाही म्हणून परत पाठवता येत नाही. मॉडेलला त्याच्यावर अंदाज द्यावाच लागतो.

## टप्पा 4: लेबल

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. लेबल चुकीचं असेल तर तुमचा चाचणीचा आकडाही चुकीच्या उत्तरपत्रिकेवर मोजलेला असतो.

आधी लेबल पिकलं आहे का ते पाहा. समजा 30 जूनला फाइल काढली. 27 जूनला बुक झालेली काही पार्सलं अजून वाटेत आहेत. पोचलेली तेवढी वेळेत पोचलेली असतात, कारण उशीर व्हायला अजून वेळच मिळालेला नाही. वाटेतल्यांना 0 दिलं, किंवा पोचलेलीच घेतली, तर शेवटच्या आठवड्यात उशिराचं प्रमाण अचानक घटलेलं दिसतं. हे ओळखायला बुकिंगच्या दिवसानुसार `late` ची सरासरी काढा. शेवटच्या काही दिवसांत रेषा खाली कोसळत असेल तर ते दिवस कापा. किती दिवस, ते स्वतःच्या डेटावरून ठरवा: जवळपास सगळ्या पार्सलांचा निकाल लागायला जेवढे दिवस लागतात तेवढे.

मग लेबल कोण लावतं ते पाहा. "पोचलं" ही खूण डिलिव्हरी करणारा मुलगा मोबाइलवर करतो. दिवस संपताना राहिलेल्या पार्सलांवर एकदम खुणा करून दुसऱ्या दिवशी नेऊन देणं, हे घडतं. डेटात याचा माग राहतो: एकाच माणसाच्या वीस-पंचवीस खुणा दोन-तीन मिनिटांत, बहुतेक रात्री, आणि त्याही एकाच ठिकाणाहून. अशा ओळींचं लेबल दुरुस्त करता येत नाही, खरी वेळ कुठेच नाही. त्यांना "अनिश्चित" म्हणा आणि ट्रेनिंग व चाचणी दोन्हींतून बाजूला ठेवा. अशा खुणा करणारा प्रत्येक जण लबाडी करतो असं मानू नका; एकाच इमारतीत खरोखर वीस पार्सलं वाटली जातात. हबवरच्या माणसाला विचारून मर्यादा ठरवा.

मग दोन नमुने काढा, एक यादृच्छिक आणि एक संशयितांचा. लोक फक्त दुसरा काढतात. संशयितांच्या यादीतून चुका सापडतात, पण एकूण चुका किती हे कळत नाही. त्यासाठी 200 ओळी चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडा आणि दोन माणसांना स्वतंत्रपणे तपासू द्या. 200 पैकी 8 चुकल्या तर अंदाज 4 टक्के, पण एवढ्या नमुन्यावर खरं प्रमाण साधारण 2 ते 8 टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतं. एकही चूक सापडली नाही तरी दीड टक्क्यापर्यंत चुका असण्याची शक्यता उरतेच.

संशयितांची यादी मॉडेलकडूनच काढता येते. क्रॉस-व्हॅलिडेशन करून प्रत्येक ओळीला, ती न पाहिलेल्या मॉडेलकडून अंदाज घ्यायचा. मॉडेल ठामपणे एक म्हणतं आणि लेबल दुसरं, अशा ओळी वर येतात. `cleanlab` हे काम करतं:

```python
p = cross_val_predict(model, X, y, groups=groups,
        cv=GroupKFold(5), method="predict_proba")
bad = find_label_issues(y, p,
        return_indices_ranked_by="self_confidence")
```

`groups` म्हणजे टप्पा 2 मधले गट क्रमांक. ते दिले नाहीत तर जुळं पार्सल मॉडेलने आधीच पाहिलेलं असतं आणि चुकीचं लेबल त्याला बरोबर वाटतं.

इशारा: ही यादी माणसाने पाहिल्याशिवाय उडवू नका. पुरात अडकलेलं पार्सल, संपाच्या दिवशीचं पार्सल, यांची लेबलं बरोबर असतात, फक्त अवघड असतात. ती काढली तर मॉडेल सोप्या दिवसांपुरतंच शिकतं, आणि चाचणीचा आकडा मात्र सुधारतो. म्हणूनच ही चूक लवकर लक्षात येत नाही.

## टप्पा 5: चालू डेटाशी ताडणं

आता तयारीतली ती नोंद बाहेर काढा. पहिली तुलना सरासरीची नको, एकाच पार्सलची हवी. शंभर एडब्ल्यूबी घ्या, नोंदीतली मूल्यं आणि ट्रेनिंगच्या क्वेरीने काढलेली मूल्यं शेजारी-शेजारी ठेवा. 500 आणि 1240 इथे दिसतात. साडेपाच तासही इथेच दिसतात. `411030` आणि `411030.0` हा फरकही इथेच: कॉलममध्ये एक जरी जागा रिकामी असली तरी पांडाज पूर्णांकांना दशांश करतं, आणि मजकूर म्हणून पाहिलं तर ते दोन वेगळे पिनकोड ठरतात. हे फरक ड्रिफ्ट नव्हेत, पाइपलाइनमधल्या चुका आहेत. त्या आधी दुरुस्त करा, मगच वितरणांकडे वळा.

वितरणासाठी पीएसआय, म्हणजे पॉप्युलेशन स्टॅबिलिटी इंडेक्स, पुरतो. प्रत्येक गटात ट्रेनिंगचा वाटा `a` आणि चालू डेटाचा वाटा `b` घेऊन `(b − a) × ln(b / a)` काढायचं आणि बेरीज करायची.

```python
def shares(s):
    return (s.astype("string").fillna("MISSING")
             .value_counts(normalize=True))

def psi(train, live, eps=1e-4):
    a, b = shares(train).align(shares(live), fill_value=0)
    a, b = a.clip(lower=eps), b.clip(lower=eps)
    return ((b - a) * np.log(b / a)).sum()
```

आकड्यांच्या कॉलमचे आधी ट्रेनिंगच्या सीमांवर दहा गट करा आणि त्याच सीमा चालू डेटाला लावा. चालू डेटाच्या नव्या सीमा काढल्या तर प्रत्येक गटात दहा टक्केच येणार आणि फरक पुसला जाणार.

`MISSING` हा वेगळा गट का, ते हिशोबाने पाहू. ट्रेनिंगमध्ये वजन 2 टक्के ओळींत रिकामं, चालू डेटात 20 टक्के. रिकाम्या गटाचा वाटा 0.18 × ln(10) म्हणजे 0.414, उरलेल्याचा 0.037. एकूण 0.45, म्हणजे मोठी घंटा. रिकाम्या ओळी आधीच वगळून पीएसआय काढला असता, आणि उरलेलं वजन सारखंच असतं, तर उत्तर जवळपास शून्य आलं असतं.

आता उलटी बाजू. सीओडी 60 टक्क्यांवरून 45 वर आली, प्रीपेड 40 वरून 55 वर. पीएसआय येतो 0.09. प्रचलित अंगठेनियम सांगतो की 0.1 खाली असेल तर दुर्लक्ष करा, 0.25 वर असेल तर कारवाई करा. पण शंभरातल्या पंधरा पार्सलांची पैसे द्यायची पद्धत बदलली आणि मॉडेल त्या कॉलमवर टेकलेलं असेल, तर 0.09 हा छोटा आकडा नाही. म्हणून मर्यादा स्वतःच्या डेटावर ठरवा: ट्रेनिंगमधलेच आठवडे एकमेकांशी ताडून पाहा. शांत आठवड्यांत पीएसआय 0.01 ते 0.02 हलत असेल, तर 0.09 तुमच्यासाठी बातमी आहे. ओळी लाखांत असतील तर पी-व्हॅल्यू बघत बसू नका. एवढ्या ओळींवर कोणताही किरकोळ फरक "लक्षणीय" येतो.

एकेक कॉलम ठीक, तरी एकत्र बिघडलेलं असू शकतं. त्यासाठी ट्रेनिंगच्या ओळींना 0, चालू ओळींना 1 द्या आणि त्या दोघांना ओळखणारं छोटं मॉडेल शिकवा. एयूसी 0.5 च्या आसपास आला तर दोन्ही डेटा एकसारखे. 0.8 आला तर ते मॉडेल कोणत्या कॉलमवरून ओळखतंय ते पाहा. तारीख किंवा चढता क्रमांक आत राहिला असेल तर एयूसी 1 च्या जवळ जातो आणि काहीच कळत नाही, म्हणून ते आधी काढा.

ऋतू की बिघाड? दिवाळीआधी पार्सलं वाढतात, पावसाळ्यात घाट अडतात. ताडायचं ते याच ऋतूशी, पण कॅलेंडरच्या महिन्याशी नाही: लक्ष्मीपूजन 2023 मध्ये 12 नोव्हेंबरला होतं, 2025 मध्ये 21 ऑक्टोबरला. ऑक्टोबर ऑक्टोबरशी ताडला तर एका बाजूला सणाची गर्दी असते, दुसऱ्या बाजूला तिची नुकती सुरुवात. "दिवाळीला किती दिवस उरले" या मोजपट्टीवर ताडा. फरक एका ठरावीक तारखेपासून पायरीसारखा उडी घेत असेल तर आधी त्या दिवशी कोणता कोड बदलला ते पाहा. ऋतू हळूहळू चढतो.

तपासून पाहा: ट्रेनिंग डेटातला शेवटचा काळ चाचणीसाठी राखला आहे का? सगळ्या महिन्यांची सरमिसळ करून विभागणी केली तर चाचणीत ड्रिफ्ट दिसूच शकत नाही.

## दुरुस्तीनंतर

कुठलीही दुरुस्ती केली की टप्पा 2 पासून पुन्हा चालवा. वेळ यूटीसीतून बदलली की दिवस बदलतात आणि दिवसावर ठरवलेले गटही बदलतात. काट्याचं वजन काढून विक्रेत्याचं घेतलं की रिकाम्या जागा वाढतात. आमच्याकडे वजन दुरुस्त केल्यावर चाचणीचा आकडा खाली आला आणि बैठकीत त्याची बरीच चर्चा झाली. खालचा आकडा खरा होता. वापरात मॉडेल त्याच्याच आसपास चालू लागलं.

मॉडेल वापरात गेल्यावर लेबलांमध्ये एक नवी गोष्ट मिसळते. "उशीर होईल" असा अंदाज आलेलं पार्सल हबवाले आधी गाडीत चढवतात, मग ते वेळेत पोचतं आणि लेबल 0 होतं. पुढच्या ट्रेनिंगमध्ये ही ओळ सांगते की असं पार्सल उशिरा जात नाही. यासाठी अंदाज आणि त्यावर केलेली कृती, दोन्ही ओळीसोबत साठवा आणि थोडीशी पार्सलं, चिठ्ठ्या टाकून निवडलेली, अंदाज न दाखवता जाऊ द्या. पुढच्या खेपेला लेबल ताडायला तेवढाच न ढवळलेला डेटा हाताशी असतो.